कॅमेरा सुरू होण्यापूर्वीचे तास

“निर्दोष माणूस असला गुन्हा कधीच कबूल करत नाही. मारहाण झाली असती तर व्हिडिओत दिसली असती. आणि गुन्हा केलाच नव्हता, तर त्याला सगळे तपशील कसे माहीत?”

पोलीस कोठडीतल्या कबुलीवर शंका घेतली की असे तीन युक्तिवाद ऐकू येतात. आधी व्हिडिओविषयी. ८ सप्टेंबर २०१७ रोजी गुरुग्राममधील एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या विद्यार्थ्याचा गळा चिरलेला आढळला. हरियाणा पोलिसांनी त्याच दिवशी शाळेच्या बसच्या कंडक्टरला अटक केली आणि त्याने वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर खुनाची कबुली दिली. ती पाहून देशभर प्रकरण मिटल्यासारखेच बोलले जात होते. पुढे तपास सीबीआयकडे गेला, नोव्हेंबरमध्ये अकरावीतील एका विद्यार्थ्याला ताब्यात घेण्यात आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने कंडक्टरला दोषमुक्त केले. सुटल्यावर त्याने सांगितले की कोठडीत आपल्याला मारहाण करून कबुली द्यायला लावले होते. खोटे पुरावे तयार केल्याच्या आरोपावरून सीबीआयने २०२१ मध्ये हरियाणा पोलिसांतील चौघांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. कॅमेऱ्याने टिपले ते चौकशीचे फक्त शेवटचे पान होते. आधीची पाने कुणी चित्रितच केली नव्हती.

मारहाण हा एकच मार्ग असतो, असेही नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विद्यार्थ्यांना संगणकावर अक्षरे टंकायला सांगितली होती आणि एका विशिष्ट कळीला हात लावू नका, नाहीतर संगणक बंद पडेल, असे बजावले होते. त्या कळीला कुणीही हात लावला नाही. तरी संगणक बंद पडला आणि दोष त्यांच्यावर आला. तब्बल ६९ टक्क्यांनी लेखी कबुलीवर सही केली. ज्यांना वेगाने टंकायला लावले होते आणि ‘मी पाहिले’ असे सांगणारा खोटा साक्षीदारही समोर उभा केला होता, त्या गटातील तर प्रत्येकाने सही केली. कळ दाबणे आणि खून यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मान्यच आहे. पण खोटा पुरावा ठामपणे पुढे ठेवला की माणूस स्वतःच्या आठवणीवरच शंका घेऊ लागतो, एवढे या प्रयोगावरून दिसते. कोठडीत त्याच्या जोडीला जागरण आणि एकटेपणा येतो. मग शिक्षा वर्षांनंतरची वाटते आणि सुटका मात्र या क्षणाला हवी असते. खरोखर निर्दोष असलेला माणूस तर ‘न्यायालयात खरे काय ते कळेलच’ या भरवशावर सही करून मोकळा होतो.

तपशिलांचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. १९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका महिलेवर बलात्कार आणि जीवघेणा हल्ला झाला. पोलिसांनी १४ ते १६ वर्षे वयाच्या पाच मुलांना पकडले आणि कित्येक तासांच्या चौकशीनंतर त्यांतील चौघांनी व्हिडिओवर कबुली दिली. त्यापूर्वी त्यांच्यापैकी काहींना घटनास्थळी नेऊनही आणले होते. म्हणजे जे तपशील मुलांच्या तोंडून आले, ते आधी त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवले गेलेले असू शकत होते. याउलट कुणी सुरुवात केली, तिला कुणी पाडले, कोणत्या शस्त्राने मारले, याविषयी त्यांचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. प्रत्येकाने मुख्य दोष दुसऱ्यावर ढकलला. कारण, मुलांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, इतरांची नावे घेतली की घरी जाता येईल अशी त्यांची समजूत झाली होती. डीएनए एकाशीही जुळला नाही, तरीही ते दोषी ठरले. २००२ मध्ये मतियास रेयेस या कैद्याने आपण एकट्याने हल्ला केल्याचे सांगितले. डीएनए त्याचाच निघाला आणि त्या डिसेंबरमध्ये पाचही जणांची शिक्षा रद्द झाली.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत बराच सावध आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील नियम नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे. वाहिन्यांनी दाखवलेली कबुली पोलिसांच्या कोठडीतच दिलेली असते, म्हणून तिलाही हे बंधन लागू होते. अपवाद म्हणजे आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरतात. म्हणून निवेदन पंचनाम्याशी ताडून पाहताना वेळा तपासाव्यात. चाकू सकाळीच जप्त झाला असेल आणि ‘चाकू कुठे आहे ते दाखवतो’ हे निवेदन संध्याकाळचे असेल, तर त्या निवेदनावरून काहीच सापडलेले नाही.