‘टक्के खोटे की तुम्ही?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड शिरेच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट कसा वाचावा, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया : “माझ्या रिपोर्टात उजव्या कॅरोटिडमध्ये ६६ टक्के अडथळा स्वच्छ लिहिलाय. तुमच्या लेखाप्रमाणे रक्ताचा वेग ९८ म्हणजे अडथळा निम्म्याहून कमी. मग टक्के खोटे की तुम्ही? निवृत्त माणसांच्या जिवाशी खेळू नका. आकड्यांचा भडिमार आहे, आहार-व्यायामावर मात्र एक ओळ नाही.”

‘जिवाशी खेळू नका’ हे वाक्य मला लागलं. अंधाऱ्या खोलीत लोकांच्या मानेवर प्रोब धरून माझी सगळी नोकरी गेली. तुम्ही सरळ विचारलं असतं तर तितक्याच सरळ सांगितलं असतं. असो. आकडे जरा जास्त झाले, हे मान्य.

आता तुमचे ६६. रिपोर्टात त्या आकड्याआधी ‘एरिया’ असं लिहिलंय का, ते बघा. माझी खात्री आहे, असणारच. चित्रात शिरेचा आडवा छेद घेऊन प्लाकने, म्हणजे आत साचलेल्या चरबीच्या थराने, किती क्षेत्रफळ व्यापलं, ते तिथे मोजतात. समजा, ६ मिमी रुंद वाटेपैकी ३.५ मिमी उरली. रुंदी सुमारे ४२ टक्के घटली, पण क्षेत्रफळ घटलं ६६ टक्के, कारण ते रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. शीर तीच आणि प्लाकही तोच, तरी टक्के दोन. खोटं कुणीच नाही.

शस्त्रक्रियेचे निकष मात्र रुंदीवर बसवलेत. कॅरोटिड शस्त्रक्रियेच्या १९९१च्या नॅसेट चाचणीत ७० टक्क्यांची रेघ आली ती रुंदीची होती, आणि तुलना त्याच शिरेच्या पुढच्या निरोगी भागाशी केलेली होती. शिवाय ती नुकताच मेंदूचा सौम्य झटका येऊन गेलेल्या रुग्णांसाठी होती. तिथे तुमचे ६६ ठेवून ‘चारच टक्के कमी’ म्हणणं म्हणजे फूट आणि मीटर एकत्र मोजणं.

वेग वेगळ्या वाटेने तेच सांगतो. वाट अरुंद झाली की रक्त तिथून जोरात निसटतं. सर्वाधिक वेग सेकंदाला १२५ सेंमीच्या आत असेल आणि प्लाक दिसत असेल, तर अडथळा रुंदीने ५० टक्क्यांच्या आत धरतात. २३०च्या वर गेला की ७० किंवा जास्त. तुमचा ९८ आणि वरचे ४२ टक्के एकमेकांशी जुळतात.

एक मेख आहे, आणि ती तुम्ही विचारायला हवी होती. शीर जवळजवळ बंद झाली तरी वेग घसरतो, कारण आत जायला रक्तच उरत नाही. हृदयाची झडप अरुंद असेल किंवा हृदय अशक्त असेल तरीही वेग कमी येतो. म्हणून एकटा वेग पाहून निकाल देत नाहीत. चित्रात वाट खरोखर मोकळी आहे का, हेही पाहतात. रंगीत चित्रात दोऱ्याएवढीच धार दिसत असेल, तर ९८ला अर्थ नाही. तेवढं रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा. माझ्यावर चिडून ते कळणार नाही.

राहिला आहार-व्यायाम. लेख रिपोर्ट वाचण्यावर होता.