‘चोक झाले की प्रवाह वाढत नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

“नॉझल एकदा चोक झाले की प्रवाह कायमचा ठरतो, मागच्या टाकीतला दाब कितीही वाढवा, एक ग्रॅमही जास्त जाणार नाही. चोक होण्यासाठी पुढचा दाब टाकीतल्या दाबाच्या ०.५२८ पटीखाली जावाच लागतो. हा आकडा सर्व वायूंना आणि सर्व नॉझलना लागू आहे. त्याखाली गेल्यावर पसरणाऱ्या भागात वायू आपोआप सुपरसॉनिक होतो.”

हा मजकूर गेले कित्येक महिने अभ्यासगटांमधून फिरतो आहे. माझ्यापर्यंत तो आला तो पुतणीच्या प्रोजेक्टमधून. उच्च दाबाच्या हवेच्या टाकीतून एका नॉझलमार्गे कमी दाबाच्या पात्रात हवा सोडायची आणि त्या पात्रावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची क्षमता ठरवायची, असे तिचे काम होते. टाकीचा दाब १० बारवरून २० बार केला, तरी व्हॉल्व्ह तोच ठेवला होता. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “काका, नॉझल चोक झालंय ना, मग प्रवाह वाढेल कसा?” हे उत्तर तिचे नव्हते, या मजकुराचे होते, म्हणून हा प्रतिवाद.

पहिले वाक्य सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थांबणे भाग आहे. चोकिंग म्हणजे थ्रोटमध्ये, म्हणजे नॉझलच्या सर्वांत अरुंद जागी, वायूचा वेग तिथल्या ध्वनिवेगाइतका होणे. दाबातल्या बदलाची वर्दी वायूमध्ये ध्वनिवेगानेच पसरते. थ्रोटमध्ये वायू त्याच वेगाने पुढे धावत असल्यामुळे पुढच्या बाजूला दाब आणखी कमी केला, तर ती वर्दी थ्रोट ओलांडून मागे टाकीपर्यंत पोहोचूच शकत नाही. पुढचा दाब कमी करून प्रवाह वाढत नाही तो यामुळे. मजकुरातले अर्धसत्य एवढेच, आणि ते मान्य करायलाच हवे. टाकीतला दाब मात्र थ्रोटच्या मागच्या बाजूला आहे. तो वाढवला की थ्रोटमधला वेग बदलत नाही, पण तिथली घनता त्याच प्रमाणात वाढते, आणि दर सेकंदाला जाणारे वस्तुमान म्हणजे घनता, वेग आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार.

आकडे घालून पाहू. टाकीत ३०० केल्विन तापमानाची हवा १० बार दाबाने आहे आणि थ्रोटचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आहे. (इथले सर्व दाब निरपेक्ष आहेत, गेजवरचा आकडा तसाच घातला तर पुढचे सगळे गणित चुकते.) चोक झाल्यावर थ्रोटमधले तापमान २५० केल्विनवर उतरते, त्यामुळे वेग सेकंदाला सुमारे ३१७ मीटर होतो. दाब ५.२८ बार आणि घनता घनमीटरला सुमारे ७.३६ किलो भरते. तिन्हींचा गुणाकार सेकंदाला ०.२३३ किलो येतो. हेच हवेसाठी एका ओळीत मांडता येते:

ṁ = 0.0404 · p₀ · A / √T₀

इथे ṁ म्हणजे दर सेकंदाला जाणारे किलो, p₀ टाकीचा दाब पास्कलमध्ये, A थ्रोटचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि T₀ टाकीतले तापमान केल्विनमध्ये. यात पुढच्या दाबाला जागाच नाही आणि टाकीचा दाब p₀ सरळ गुणिले आहे. टाकीत २० बार केले, तर वेग ३१७ मीटरच राहतो, घनता दुप्पट होते आणि सेकंदाला ०.४६७ किलो हवा जाते. पुतणीने निवडलेला व्हॉल्व्ह प्रत्यक्षात लागणाऱ्या क्षमतेच्या निम्मा होता. अशा पात्राचा दाब व्हॉल्व्ह उघडल्यावरही चढतच राहिला असता. याच सूत्रावरून हेही दिसते की दाब तोच ठेवून टाकीतली हवा तापवली, तर प्रवाह उलट घटतो.

दुसऱ्या वाक्यात ०.५२८ हा आकडा खरा आहे, पण तो भलत्याच जागी लावला आहे. ते थ्रोटमधल्या दाबाचे टाकीतल्या दाबाशी गुणोत्तर आहे. नॉझल फक्त निमुळते होत जाणारे असेल, तर थ्रोट हेच त्याचे तोंड असते, आणि तिथे पुढच्या दाबाला हा निकष लावता येतो. थ्रोटनंतर पसरणारा भाग जोडला की तो भाग वायूला मंद करून उतरलेला दाब परत चढवू लागतो, आणि चोकिंग कितीतरी आधी होते. अमेरिकेच्या नाका संस्थेच्या १९५३ सालच्या ११३५ क्रमांकाच्या अहवालातील कोष्टके यासाठी पुरेशी आहेत. बाहेरचे तोंड थ्रोटच्या दुप्पट क्षेत्रफळाचे असेल, तर त्या गुणोत्तराला दोन उत्तरे मिळतात: एक सबसॉनिक, म्हणजे ध्वनिवेगापेक्षा मंद, जिथे तोंडाशी असलेल्या दाबाचे टाकीतल्या दाबाशी गुणोत्तर सुमारे ०.९३७, आणि दुसरे सुपरसॉनिक, मॅक नंबर, म्हणजे वेग तिथल्या ध्वनिवेगाच्या किती पट आहे तो आकडा, सुमारे २.२ आणि दाब गुणोत्तर सुमारे ०.०९४. म्हणजे आपल्या १० बारच्या टाकीपुढे ९.३७ बार असले, तरी नॉझल चोक झालेले असते. ५.२८ बारची वाट पाहणारा माणूस त्या सर्व काळात चोक झालेल्या नॉझलला ‘अजून चोक झालेले नाही’ असे समजत राहतो.

सर्व वायूंबद्दलचे विधान थोडक्यात निकाली काढता येते. ०.५२८ हे विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.४ असलेल्या वायूंसाठी आहे, म्हणजे हवा किंवा नायट्रोजनसाठी. हेलियमसाठी ते सुमारे ०.४८७ आहे आणि अतितप्त वाफेसाठी सुमारे ०.५४६.

शेवटच्या वाक्यातला ‘आपोआप’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. ध्वनिवेगापलीकडे वेग वाढला की घनता वेगापेक्षा झपाट्याने घटते. मॅक नंबर २ असताना वेग १ टक्का वाढला तर घनता जवळपास ४ टक्के घटते, म्हणून तेवढेच वस्तुमान जाऊ देण्यासाठी जागा सुमारे ३ टक्के वाढावी लागते. पसरणारा भाग लागतो तो यासाठी. पण त्या भागात वायूने वेग घ्यायचा की सोडायचा हे पुढचा दाब ठरवतो. पुढे बरोबर ९.३७ बार असतील, तर थ्रोटमध्ये ध्वनिवेग गाठूनही वायू पुढे मंदावतो. पुढचा दाब ७ बारवर आणला, म्हणजे मजकुरातल्या मर्यादेच्या बराच वर असला, तरी थ्रोटनंतर प्रवाह सुपरसॉनिक होतो. मात्र क्षेत्रफळ थ्रोटच्या साधारण दीडपट होते तिथे, मॅक नंबर सुमारे १.८६ असताना, नॉर्मल शॉक, म्हणजे प्रवाहाला आडवा असलेला, दाब एकदम चढवून वायूला सबसॉनिक करणारा पातळ पडदा, उभा राहतो. शॉकच्या अलीकडे दाब सुमारे १.६ बार असतो आणि पलीकडे लगेच सुमारे ६.१ बार. स्टॅग्नेशन प्रेशरचा, म्हणजे वायू नुकसानाशिवाय थांबवला तर मिळेल त्या दाबाचा, पाचवा हिस्सा तिथे वाया जातो, आणि त्या जागेपुरता प्रवाह आयसेंट्रॉपिक, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण आणि घर्षणासारखे नुकसान नसलेला, राहत नाही. उरलेला पसरणारा भाग सबसॉनिक हवेला मंद करत दाब ७ बारपर्यंत नेतो. पुढचा दाब आणखी उतरवत गेले की शॉक तोंडाकडे सरकतो आणि सुमारे ५.१ बारला तोंडावर येतो. नॉझलच्या आतला सगळा प्रवाह आयसेंट्रॉपिक आहे असे म्हणता येते ते त्याखाली गेल्यावर. तरीही तोंडाशी ०.९४ बार आणि बाहेर त्याहून जास्त असेल, तर बाहेर तिरके शॉक उरतातच.

हे पडताळायचे असेल, तर नॉझलच्या भिंतीवर ओळीने दाब मोजण्याची छिद्रे ठेवून टाकीत १० बार कायम राखावेत आणि पुढची झडप हळूहळू उघडत जावे. थ्रोटवरचा गेज ५.२८ बारला येऊन थांबेल आणि मग झडप पूर्ण उघडली तरी हलणार नाही. त्यापुढच्या गेजांपैकी ज्या दोघांमध्ये दाब एकदम चढलेला दिसेल, शॉक त्यांच्या मध्ये आहे. आता टाकीचा दाब वाढवला, की थ्रोटवरचा गेजही त्याच प्रमाणात चढतो.