वीस बोंडांतली दोन किडकी: एका प्रतिक्रियेला उत्तर

«दादा, गुलाबी बोंडअळीवरचा लेख वाचला. कपाशीची २० बोंडं तोडली, २ किडकी निघाली, म्हणजे १० टक्के. हिशोब तिथंच संपला. तुम्ही त्याचे “२ ते ३२ टक्के” करून ठेवले. २ टक्के असेल तर फवारायचं नाही, ३२ असेल तर पीक हातचं गेलं. मग शेतकऱ्यानं करायचं काय? अभ्यास केलेल्या माणसानं एक आकडा छातीठोक सांगावा. बाकी सगळं हात झटकणं झालं.»

भाऊ, तुमचा राग मला समजतो, कारण औषध, मजुरी आणि पीक तिन्ही तुमच्या खिशातून जाणार आहे. पण हिशोब तिथं संपत नाही असं मला मनापासून वाटतं.

आधी एक साधी गोष्ट पाहा. तुम्ही तोडलेल्या २० बोंडांत किती किडकी होती, याबद्दल कुणालाच शंका नाही. २ होती. पण तुम्हाला त्या २० बोंडांचं काही करायचं नाही, ती तर तुम्ही फोडून फेकली. तुम्हाला वावरात झाडावर उभ्या असलेल्या हजारो बोंडांबद्दल ठरवायचंय. त्यांच्यातलं प्रमाण कुणी मोजलेलं नाही, २० वरून आपण फक्त अंदाज बांधतोय. १० टक्के हा त्या अंदाजाचा खुंटा आहे. दोर किती लांब आहे, हे कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे पल्ला, सांगतो.

हा दोर किती लांब असतो ते उलट्या बाजूनं पाहू. समजा तुमच्या वावरात खरोखरच १० टक्के बोंडांत गुलाबी अळी आहे, म्हणजे फवारणीची पातळी गाठली आहे. एक बोंड तोडलं तर ते चांगलं निघण्याची शक्यता ०.९. वीसच्या वीस चांगली निघण्याची शक्यता म्हणजे ०.९ वीस वेळा लिहून सगळे एकमेकांशी गुणायचे. उत्तर येतं सुमारे ०.१२. म्हणजे अशा आठ वावरांपैकी एकात शेतकरी वीस बोंडं फोडेल, एकही अळी दिसणार नाही आणि “० टक्के” म्हणून निर्धास्त घरी जाईल. छातीठोक एक आकडा हवा म्हणता, तर त्याला मिळालेला ० हा छातीठोकच होता.

आता २ ते ३२ कुठून आले ते सांगतो. कागद-पेन घेऊन तुम्हीही काढू शकता. मोजलेल्या बोंडांत दोन किडकी आणि दोन चांगली जास्तीची धरायची. २० ची झाली २४, २ ची झाली ४. प्रमाण ०.१६७. मग

```
०.१६७ ± १.९६ × √(०.१६७ × ०.८३३ ÷ २४)
```

वर्गमूळ येतं ०.०७६, त्याला १.९६ नं गुणलं की ०.१४९. म्हणजे ०.०१८ ते ०.३१६, सोप्या भाषेत २ ते ३२ टक्के. ही चार जास्तीची बोंडं मुद्दाम धरतात. ती न धरता थेट १० टक्क्यांवर सूत्र लावलं तर उत्तर उणे ३ ते २३ येतं. उणे ३ टक्के बोंडं किडकी, याला अर्थच नाही. नमुना लहान आणि प्रमाण कमी असलं की साधं सूत्र असं फसतं. पल्ला शून्याच्या खाली गेला की ओळखायचं, सूत्र चुकीच्या जागी लावलंय.

१.९६ नं गुणून आलेल्या पल्ल्याला ९५ टक्के पल्ला म्हणतात. त्या ९५ टक्क्यांचा अर्थही सांगून ठेवतो, कारण तिथं बरेच जण घसरतात. त्याच वावरात शंभर जणांनी वेगवेगळी २०-२० बोंडं तोडली आणि प्रत्येकानं असाच पल्ला काढला, तर साधारण ९५ जणांच्या पल्ल्यात खरा आकडा सापडेल. आपण त्या ९५ मधले की उरलेल्या पाचातले, हे आपल्याला कळत नाही.

तुमचा खरा प्रश्न आहे, करायचं काय. पल्ला त्याचंच उत्तर देतो. फवारणीची १० ची रेघ २ ते ३२ च्या आतच पडते, म्हणजे एवढ्या बोंडांवर फवारा किंवा थांबा, काहीच ठरत नाही. अजून बोंडं तोडावी लागतील. आमच्या घरच्या वावरात पहिल्या दिवशी हेच झालं होतं, २० पैकी २. मग ठरवलं की एकूण १०० करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं भाऊ पिशवी घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तिरपे निघालो. दर काही ओळी ओलांडल्या की थांबून एका झाडाचं एकच हिरवं बोंड तोडायचं. ओसरीवर बसून अंगठ्यानं एकेक फोडलं. बाहेरून बहुतेक बोंडं टवटवीत दिसत होती. अळी बारीक असतानाच आत शिरते आणि मागचं छिद्र बुजून जातं, म्हणून वरून पाहून मोजलेल्या आकड्याला किंमत नाही. फोडल्यावर सरकीला लागून ती गुलाबी अळी दिसली की बोंड बाजूला. १०० पैकी १७ निघाली. वरच्याच रीतीनं पल्ला आला ११ ते २६. आता खालचं टोकसुद्धा १० च्या वर होतं. फवारलं, आणि मनात खळखळ राहिली नाही. बोंडं पाचपट केल्यावर पल्ला निम्म्यावर आला. अजून निम्मा करायचा तर ४०० बोंडं फोडावी लागली असती, आणि त्याची गरज नव्हती.

एक आकडा एकटा फिरला की गावात काय होतं, तेही पाहा. मागच्या आठवड्यात २० पैकी २, या आठवड्यात ३. ग्रुपवर येतं, “अळी दहावरून पंधरा टक्क्यांवर, दीडपट वाढ!” आणि सगळे पंप पाठीवर घेतात. वाढलंय काय, तर एक बोंड. २ ते ३२ आणि ५ ते ३७ हे दोन पल्ले शेजारी लिहिले असते तर ते जवळपास एकमेकांवर बसलेले दिसले असते. २०१७ साली बोंडअळी आली त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. नको असलेली एक फवारणी टळणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. पल्ला सगळं सांभाळून घेत नाही. बोंडं वावरभर फिरून तोडली आहेत, हे तो धरून चालतो. धुऱ्यावर मागच्या सालच्या पऱ्हाट्यांचा ढीग असेल, तर पतंग तिथूनच निघतात आणि त्या कडेची झाडं आधी किडतात. तुम्ही वीसच्या वीस त्याच कडेची तोडली, किंवा एकाच झाडाची पाच-पाच तोडली, तर सूत्र तरीही २ ते ३२ च सांगेल, आणि ते चूक असेल. हजार बोंडं तोडली तरी ही चूक भरून निघत नाही, उलट अरुंद पल्ला पाहून खोटा धीर येतो. म्हणून आकडा सांगताना मी असा सांगतो: “२० पैकी २ किडकी, अंदाज १० टक्के, ९५ टक्के पल्ला २ ते ३२, सगळ्या वावरातून, झाडामागे एक, फोडून पाहिलेली.” ओळ लांब होते, पण वाचणाऱ्याला त्यावर किती भार टाकायचा ते कळतं.

आणि २० बोंडांचा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो दर आठवड्याला करायचा नियम आहे. एका आठवड्याची वीस बोंडं थोडं सांगतात, चार आठवड्यांची मिळून चढ आहे की उतार ते बरंच सांगतात. एकाच खेपेवर निकाल लावायचा असेल तेव्हा मात्र वीस पुरत नाहीत.

तुमची २० बोंडं कोणत्या बाजूची होती ते कळवा. धुऱ्याजवळची असतील तर ती सोडून द्या आणि उद्या सकाळी आतल्या ओळींतून नव्यानं तोडा. जमलं तर ८०, आणि घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या, दोघं असलं की फोडायला तासाभराच्या वर लागत नाही. आकडे इथं टाका, पल्ला आपण मिळून काढू.