खुर्चीला हात लावण्याआधी: निपाणीच्या दादांना उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, व्हीलचेअरला हात लावण्याआधी विचारा आणि अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला गोंजारू नका, हा तुमचा लेख पटला नाही. आपल्याकडं माणूस अडलेला दिसला की कुणी विचारत बसत नाही, पुढं होऊन हात लावतात. निपाणी स्टँडवर एका बाईंची व्हीलचेअर चढावर अडली होती. मी मागनं ढकलली, तर माझ्यावरच ओरडल्या! आणि त्या वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला जरा गोंजारलं तर काय बिघडलं? एवढे नियम असतील तर मदत न केलेलीच बरी."

दादा, मदत बंद करू नका. त्या बाई का ओरडल्या असतील ते तेवढं सांगते, कारण तसल्याच खुर्चीत मी रोज बसते.

खुर्ची स्वतः चालवणाऱ्याचे दोन्ही हात मोठ्या चाकांच्या कडीवर असतात. चढावर आम्ही थांबलो की लोकांना वाटतं अडली. बऱ्याचदा आम्ही कडी घट्ट धरून दम घेत असतो, नाहीतर पुढचा रस्ता बघत असतो. तेवढ्यात मागून कुणी ढकललं की कडी हातातून निसटते आणि अंगठा आऱ्यांत किंवा ब्रेकमध्ये सापडतो. पुढच्या छोट्या चाकांचा धोका तर त्याहून मोठा. गटारावरच्या दोन फरश्यांमधल्या फटीत ती अडकली की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढं फेकला जातो. मणक्याला मार बसलेल्या बऱ्याच जणांचे पोटापाठीचे स्नायू सावरायला येत नाहीत, ते थेट तोंडावर पडतात. मागून ढकलणाऱ्याला ती फट दिसत नाही, बसलेल्याला दिसते. बाईंचं ओरडणं मला तरी भीतीचं वाटतं.

म्हणून समोरून या, दिसाल असे उभे राहा आणि विचारा, "ताई, हात लावू का?" खानापूरपासून चिक्कोडीपर्यंत निम्मी माणसं कानडीत "सहाय बेकेन्री?" म्हणतील, तेही चालेल. पण उत्तर येईपर्यंत हात खुर्चीपासून लांब ठेवा. आणि "हो" आलं की पुढचा प्रश्न लगेच, "कुठं धरू?"

हा दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खडेबाजारात एका दुकानाला वीतभर उंचीची एकच पायरी आहे. एकदा दोन मुलं विचारून आली, मी हो म्हटलं, आणि एकानं हात ठेवायचा दांडा धरून खुर्ची उचलली. घडीच्या खुर्चीचा तो दांडा बहुतेक वेळा काढता येतो. तो त्याच्या हातात आला आणि मी एका बाजूला कलंडले. पाय ठेवायच्या पट्ट्यांचंही तसंच. उचलायची वेळ आलीच तर न निघणारी पक्की चौकट धरायची, आणि ती कुठं आहे ते बसलेला माणूस सांगेल.

एका पायरीला उचलायची गरजच नसते. खुर्ची पायरीकडं तोंड करून सरळ उभी करा. "मागं झुकवतोय" असं आधी सांगा. मागच्या खालच्या आडव्या नळीवर पाय दाबत खुर्चीच्या पाठीमागच्या मुठी स्वतःकडं ओढा, पुढची चाकं उचलली जातील. ती पायरीवर टेकवा, मोठी चाकं पायरीला भिडेपर्यंत पुढं न्या आणि मग वर लोटा. उतरताना खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं आधी खाली. तीव्र उतारावरही असंच पाठमोरं उतरायचं, नाहीतर माणूस पुढं घसरतो. आणि मूठ सोडताना "सोडतोय" म्हणा. ब्रेक लागलाय का ते बघितल्याशिवाय उतारावर कधीच सोडू नका.

बोलण्याबद्दल एकच सांगते. त्याच दुकानात साडी मी बघत होते आणि मालक माझ्या भाच्याला विचारत होते, "यांना कुठला रंग पाहिजे?" भाचा बारा वर्षांचा. प्रश्न माझा असेल तर मला विचारा. गप्पा लांबणार असतील तर स्टूल ओढून समोर बसा, मान वर करून माझी मान दुखते. खुर्चीच्या पाठीला रेलू मात्र नका, तो धक्का थेट माझ्या अंगाला बसतो.

आता कुत्र्याचं. आपल्या भागात असा कुत्रा क्वचितच दिसेल, पण दिसला तर त्याच्या पाठीवरचा कडक दांडा बघा. तो दांडा मालकाच्या हातात आहे तोवर कुत्रा कामावर आहे. गोंजारलं, हाक मारली, बिस्किट दाखवलं की त्याचं लक्ष तुमच्याकडं जातं, आणि अंध माणूस त्याच वेळी पायरीवर किंवा रिक्षापुढं पाय टाकत असतो. दांडा किंवा पट्टा कधी धरू नका. कुत्रा बहुधा डाव्या बाजूला असतो, म्हणून उजव्या बाजूनं जा, आधी बोला, स्वतःचं कोपर पुढं करा आणि ते त्यांना धरू द्या. तुम्ही त्यांचा दंड धरून ओढू नका.

आणि कुणी "नको" म्हणालं तर दुसऱ्यांदा आग्रह नको, दादा. काळजी वाटत असेल तर दोन पावलं बाजूला थांबा आणि गर्दीला वाट मोकळी ठेवायला सांगा. चढावर मला बऱ्याचदा तेवढंच हवं असतं.