खोका का तरंगतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

चकचकीत फरशीवर वस्तूचं प्रतिबिंब फोटोशॉपमध्ये कसं बनवायचं, या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलं:

*"लेखात सांगितलं तसंच केलं. काळ्या ग्रॅनाइटवर मिठाईचा खोका ठेवला, त्याची प्रत उलटी करून फिकट केली, खाली सावली दिली. तरी खोका हवेतच. सावली गडद केली तर आणखी वाईट दिसतं. अर्धवट माहिती देऊ नका."*

तुमची तक्रार रास्त आहे. लेखात मी बाटली समोरून, अगदी खालच्या कोनातून टिपलेली घेतली होती, म्हणून नुसत्या Flip Vertical ने काम भागलं. तुमचा खोका तिरका ठेवलेला आहे आणि वरून टिपलेला आहे. हा फरक मी लिहायला हवा होता.

तिरक्या खोक्याच्या खालच्या दोन कडा पुढच्या कोपऱ्यापासून मागे जाताना वर चढतात. प्रत उलटी केली की त्याच कडा खाली उतरतात. मग खोका आणि प्रतिबिंब फक्त त्या कोपऱ्यावर टेकतात आणि दोन्ही बाजूंना पाचरीसारखी फट उरते. डोळ्याला तरंगणं दिसतं ते या फटीमुळे, आणि तिथे सावली ओतली की फट जास्तच उठून दिसते.

त्यासाठी खोक्याच्या दिसणाऱ्या दोन उभ्या बाजू वेगवेगळ्या लेयरवर कापून घ्या. प्रत्येक बाजू उलटी करा, पुढचा कोपरा जुळवा, मग Edit > Transform > Skew घेऊन बाहेरची कड वर ओढा, खोक्याच्या खालच्या कडेला पूर्ण चिकटेपर्यंत. झाकणाचा वरचा भाग टाकून द्या. वरून बघताना तो प्रतिबिंबात दिसूच शकत नाही. तुमच्या चित्रात तो दिसतोय. कॅमेरा फार उंचावर असेल तर मात्र ही युक्ती अपुरी पडते. तेव्हा खोका खऱ्या ओट्यावर ठेवून फोटो काढलेलाच बरा.

प्रतिबिंबाचा लेयर Screen वर ठेवा. काळ्या ग्रॅनाइटवर प्रतिबिंब म्हणजे वर पडलेला जादा प्रकाश. Normal मध्ये खोक्याचे गडद भागही फरशीवर राखाडी थर चढवतात. आणि प्रतिबिंब खाली जाताना पुसट करत शून्यावर नेऊ नका. चकचकीत दगडात ते फारसं विरत नाही. फरशी थोडी खरखरीत असेल तर लांब जाईल तसं धूसर होतं, एवढंच.

आता सावली. काळ्या पॉलिशवर पसरट सावली जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा तुमची मोठी मऊ सावली सरळ काढून टाका. हवी ती टेकणाऱ्या कडेची बारीक गडद रेघ: २००० पिक्सेल रुंद चित्रात साधारण ३-४ पिक्सेल जाड, Multiply मध्ये, Gaussian Blur १-२ पिक्सेल. हा लेयर प्रतिबिंबाच्या वर आणि खोक्याच्या खाली. रेघ सगळीकडे सारखी नको. पुठ्ठ्याचा खोका कुठे टेकतो, कुठे किंचित उचललेला असतो. जिथे टेकतो तिथे ती बारीक आणि गडद, उचललेल्या जागी जरा रुंद आणि फिकी.

पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर हे असंच चालणार नाही. तिथे पसरट सावली दिसते, ती ठेवावीच लागते.