चावी अडवून डिपॉझिट सुटत नाही

"भाडेकरूंनो सावधान!! 1) पैसे हातात पडेपर्यंत चावी देऊ नका. 2) डिपॉझिटसाठी पत्र लिहू नका, मुदत दिलीत की तुम्हीच फसलात. 3) 24 तासांत पैसे नाहीत तर पोलिसांत थेट 420 टाका. 4) रंगाचा खर्च मालकाला कापताच येत नाही. 5) नवा कायदा आलाय, दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट बेकायदेशीर. शेअर करा!"

हा मेसेज मला आधी तीन ग्रुपांवर आला तेव्हा मी सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या भाच्याच्या तोंडून ऐकला. तो पर्वरीला 15,000 रुपये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा, डिपॉझिट 45,000. करार 31 मेला संपला, सामान वास्कोला गेलं आणि चाव्या मात्र याच्या खिशात. "मामा, चावी हेच आपलं हत्यार!" मी म्हटलं, हत्यार कसलं, मीटर चालू आहे तुझं.

कारण मुदत संपल्यावर ताबा ज्याच्याकडे, त्या दिवसांचे पैसे त्याच्या नावावर. आत कोणी झोपतंय की नाही याच्याशी मालकाला कर्तव्य नाही. घर त्याला दुसऱ्या कोणाला देता येत नाही, आणि चावी तुमच्याकडे असल्याचं तुम्हीच छातीठोकपणे सांगताय. भाच्याने 19 दिवस चावी ठेवली. दिवसाला 500 प्रमाणे 9,500 गेले. करारात उशिराच्या ताब्यासाठी दुप्पट-तिप्पट दर लिहिलेला असतो, तसा याच्या करारात नव्हता हे नशीब.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण जून महिना, गोव्याचा पाऊस, खिडक्या बंद आणि पंखा नाही. 19 दिवसांनी दार उघडलं तर आतून ओल्या गोणपाटासारखा वास आला. कपाटाच्या आतल्या फळीवर हिरवट बुरशी आणि पश्चिमेच्या भिंतीवर काळे ठिपके. राहत असताना त्या भिंतीला कधी डाग पडला नव्हता. म्हणजे मालकाला कापायला जे कारण हवं होतं, ते याने स्वतः बंद खोलीत वाढवून दिलं.

चावी शेवटच्या दिवशीच द्यायची, पण नुसती हातावर ठेवायची नाही. दोन ओळींचा कागद करायचा: आज या तारखेला दोन चाव्या मिळाल्या, विजेच्या मीटरचा आकडा इतका, घर रिकामं पाहिलं. खाली मालकाची सही. मालक परदेशात असेल (आपल्याकडे निम्मे असतात), तर त्याच्या वतीने घर पाहणाऱ्याची. सोबत प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि मीटरचा फोटो. भाच्याचा मालक लिस्बनला, म्हणून सही त्याच्या भावाची घेतली, 19 जूनला.

आता पत्राविषयी. मुदत देणं म्हणजे मालकाला सूट देणं, हा समज उलटा आहे. 1978च्या व्याज कायद्याचं कलम 3 सांगतं की, पैसे कोणत्या तारखेला द्यायचे हे लेखी करारात ठरलेलं असेल तर कोर्ट त्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. तशी तारीख नसेल तर तुम्ही लेखी सूचना देऊन व्याज मागणार असं कळवता, त्यात लिहिलेल्या तारखेपासून. फोनवर शंभरदा "दादा, बघा ना जरा" म्हणून ते घड्याळ सुरू होत नाही. बहुतेकांची पत्रं इथेच लंगडी पडतात. रक्कम असते, विनवणी असते, व्याजाची ओळ नसते.

मुदत किती? करारात 30 दिवस लिहिले असतील तर 30, तिथे आपली हुशारी चालत नाही. काहीच लिहिलं नसेल तर 15 दिवस बरे. तेवढ्यात मालक शेवटचं वीजबिल पाहू शकतो, काही दुरुस्ती असेल तर माणूस बोलावू शकतो. "ताबडतोब" किंवा "लवकरात लवकर" असं लिहू नये. कॅलेंडरवरची तारीखच लिहावी. भाच्याच्या पत्राचा गाभा असा होता:

"फ्लॅटचा ताबा व दोन्ही चाव्या 19 जूनला आपल्या भावाकडे दिल्या, सहीची प्रत जोडली आहे. अनामत ₹45,000 करारावेळी बँकेतून दिली होती. त्यातून जूनच्या 19 दिवसांचे 9,500, मीटरच्या आकड्यावरून अंदाजे वीजबिल 1,320 आणि स्वयंपाकघरातल्या नळाचे 450 वजा करून ₹33,730 खालील खात्यात 5 जुलैपर्यंत जमा करावेत. आणखी काही कापायचे असल्यास कामाचे बिल याच मुदतीत पाठवावे. 5 जुलैनंतर थकलेल्या रकमेवर व्याज मागितले जाईल. ही त्याची सूचना समजावी."

आपल्याकडून जे देणं आहे ते आपणच आधी वजा करून टाकलं की मालकाला भांडायला जागा कमी राहते. पत्र करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोचपावती घेऊन; शिवाय ईमेल, आणि भावाला एक प्रत. पत्राने पैसे हमखास येतात असं नाही, हे मान्य. नाही आले तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा, त्याला 3 वर्षांची मुदत. (गोव्यात पोर्तुगीज कायदा, म्हणून मुदत लांब, असं सांगणारेही भेटतात. 2001 मध्ये सिंडिकेट बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो विषय संपवला. इथेही 1963चाच कायदा.)

पोलिसांचं काय सांगू. भाचा गेलाच होता. ठाण्यावरच्या हवालदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हें सिव्हिल मॅटर, कोर्टांत वच." बरोबरच बोलला. 420 कलम तर 1 जुलै 2024 पासून उरलंच नाही, फसवणूक आता न्याय संहितेच्या 318 मध्ये आहे. आणि तिथे पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. घर 11 महिने नीट वापरायला दिलेल्या माणसाविरुद्ध ते कसं दाखवणार?

रंगाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, इच्छा नसताना कबूल करतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये भाडेकरूने घर होतं तसं परत द्यायचं, पण नेहमीच्या वापराची झीज वगळून. फिकटलेला रंग आणि खिळ्याची चार भोकं ही झीज. पण आपले 11 महिन्यांचे कागद बहुधा लीव्ह अँड लायसन्सचे असतात, त्यामुळे आधी त्यात काय लिहिलंय ते वाचा. "रंगासाठी एक महिन्याचं भाडं" याखाली सही केली असेल तर वाद घालता येतो, करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईपुरतंच देतं, पण "कापताच येत नाही" असं म्हणून सुटका नाही.

दोन महिन्यांची मर्यादा 2021च्या आदर्श भाडेकरार कायद्यातली. तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. पुढे.

3 जुलैला मालकाच्या भावाचा फोन आला. आधी पूर्ण रंगाचे 15,000 मागितले. भाच्याने पत्रातली बिलाची ओळ वाचून दाखवली. संध्याकाळी एका मिस्त्रीचं बिल आलं, बुरशी घासून त्या एका भिंतीला हात मारल्याचे 3,500, आणि खात्यात 30,230. ताई म्हणाली, भांड अजून. मी म्हटलं, नको, ती बुरशी आपलीच.