सगळेच फोन ‘अँड्रॉइड १०’ कसे?

आमच्या पानाकडे येणारी प्रत्येक विनंती आधी ज्यांच्या सर्व्हरमधून जाते, त्या व्हेंडरला आज पाठवलेलं पत्र इथे टाकतेय. कंपनीचं नाव काढलंय. नागपुरातच अशी कामं करणारे बरेच जण माझ्या यादीत आहेत, त्यांच्याकडेही हीच अडचण असू शकते म्हणून.

नमस्कार,

आमचं पान मालवाहू ट्रकचे ड्रायव्हर वापरतात, हे तुम्हाला माहीत आहे. वाडीहून माल निघतो, उतरला की ड्रायव्हर पोहोच पावतीचा फोटो काढून आमच्या पानावर चढवतो. पावती चढली नाही तर ट्रान्सपोर्टरचं बिल अडतं आणि ड्रायव्हरचं उरलेलं भाडंही अडतं.

गेले तीन आठवडे ड्रायव्हर फोन करून सांगताहेत, “ताई, कॅमेराच येत नाही. नुसती गॅलरी उघडते.” काहींना येतो, काहींना नाही. आम्ही लॉग उघडला, तर क्रोमवाल्या प्रत्येक फोनची ओळख अशीच:

```
Mozilla/5.0 (Linux; Android 10; K) AppleWebKit/537.36 (KHTML, like Gecko) Chrome/124.0.0.0 Mobile Safari/537.36
```

क्रोमची आवृत्ती तेवढी कमीजास्त, बाकी अक्षर न् अक्षर सारखं. हा तुमचा दोष नाही. २०२३ मध्ये आलेल्या क्रोम ११० पासून गुगलने टप्प्याटप्प्याने ही ओळख गोठवली. फोन कोणताही असो, तिथे ‘Android 10’ आणि मॉडेलच्या जागी ‘K’ लिहिलेलं येतं. खरी आवृत्ती हवी असेल तर सर्व्हरने `Accept-CH` या हेडरमधून ती मागायची आणि ब्राउझरने पुढच्या विनंतीपासून ती वेगळ्या हेडरमध्ये द्यायची, अशी सोय आहे. आम्ही ती मागितली. ऑफिसातल्या फोनला केबल लावून नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं, तर फोन हे पाठवत होता:

```
Sec-CH-UA-Platform: "Android"
Sec-CH-UA-Platform-Version: "14.0.0"
```

आमच्या सर्व्हरवर यातली एकही ओळ पोहोचली नाही. मग तुम्हाला मधून काढून त्याच फोनवरून थेट आमच्या सर्व्हरवर गेलो, तर दोन्ही ओळी आल्या. म्हणजे मागणी फोनपर्यंत जाते, उत्तर फोनमधून निघतं आणि तुमच्याकडे गळतं.

ऑफिसातले चार-पाच फोन हाताने तपासल्यावर कारण सापडलं. आमच्या फॉर्ममध्ये `accept="image/*"` लिहिलंय. अँड्रॉइड १४ असलेल्या फोनवर क्रोम त्यासाठी फक्त फोटो निवडायची खिडकी उघडत होतं, कॅमेऱ्याचा पर्याय देत नव्हतं. जुन्या फोनवर दोन्ही दिसत होते. आम्ही आता दोन बटणं केलीत, एक `capture` लावून थेट कॅमेऱ्याचं आणि दुसरं गॅलरीचं. दुरुस्ती एका दुपारची होती. तीन आठवडे शोधण्यात गेले, कारण लॉगमध्ये १४ वाला आणि ९ वाला एकाच ओळीत बसले होते. एवढे दिवस ड्रायव्हर उधारीवर डिझेल भरत होते, याचा मला खरंच राग आहे.

तुमच्या सपोर्टने पहिलं उत्तर दिलं, ‘प्रायव्हसीमुळे’. ते मला पटत नाही. `Sec-CH-UA-Platform` हे हेडर क्रोम न मागताही प्रत्येक साइटला देतं. आवृत्ती आम्ही उघडपणे मागितली आहे. मॉडेल मागितलेलं नाही, कारण आम्हाला त्याची गरज नाही.

दुसरं उत्तर कॅशेचं होतं आणि ते मला समजतं. प्रत्येक आवृत्तीसाठी एकाच पानाची वेगळी प्रत साठवावी लागली तर कॅशेचा उपयोगच राहत नाही. म्हणून तुम्ही ठरावीक हेडरच पुढे सोडता. पण बिल्टीची माहिती आणणारी आणि फोटो चढवणारी, आमच्या या दोन्ही विनंत्या कॅशेत ठेवल्याच जात नाहीत. फक्त त्या दोन मार्गांवर हे हेडर सोडा. चित्रं, स्टाइल, स्क्रिप्ट यांना हात लावू नका. तिथे आम्हालाही ते नकोच.

यातून सगळं दिसणार नाही, हे मी आधीच सांगते. फायरफॉक्स आणि सफारी ही हेडर पाठवत नाहीत. पहिल्यांदा पान उघडतं त्या विनंतीत आवृत्ती नसते, कारण तोवर आपण मागितलेलीच नसते. तरीही कोणत्या आवृत्तीवर बिल्टी उघडते पण फोटो येत नाही, एवढं तरी आम्हाला त्याच दिवशी कळेल.

माझा प्रश्न एकच आहे. कोणती हेडर पुढे जातात आणि कोणती गाळली जातात, ही यादी करार करताना आम्हाला का दिली नाही? ती यादी आणि वरच्या दोन मार्गांवरचा बदल कधी होईल, हे लेखी कळवा. बदल झाला की मी त्याच फोनवरून पुन्हा तपासेन आणि आमच्या लॉगमधली ओळ तुम्हाला पाठवेन.